बहात्तरचा चाळा

परवा दुपारी पोस्टात रांगेत उभी होते. भिंतीवर किसान विकास पत्राचा कागद चिकटवलेला: व्याज ७.५ टक्के, मुदत ११५ महिने. रांग हलेना, मग मनातल्या मनात भागाकार सुरू. बहात्तर भागिले साडेसात, म्हणजे पैसे दुप्पट व्हायला ९.६ वर्षं. त्याला बारानं गुणलं की ११५ महिने आणि वर पाच-सहा दिवस. उगाचच बरं वाटलं.

कुठलाही टक्का दिसला की बहात्तरला त्यानं भागायचं, ही खोड भाऊकाकांची. १९८८ साली ही पत्रं पहिल्यांदा निघाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एजंट ओसरीवर चहा पीत बसलेला आणि काका कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं उलटं गणित मांडताहेत. बहात्तर भागिले साडेपाच, म्हणजे व्याज तेरा टक्के. मग थांबून म्हणाले, "तेरा म्हणजे आठाच्या पाच पुढे. दर तिनाला बहात्तरात एक वाढवायचा. चौऱ्याहत्तर धरा." आता उत्तर आलं साडेतेराच्या जरा खाली. खरा दर १३.४३. एजंटानं बशी खाली ठेवली.

काटेकोर हिशेबात दर वेळी बहात्तर आकडा येत नाही. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळत गेलं तर ६९.३ येतो. वर्षाला एकदा मिळवलं तर आठ टक्क्यांच्या आसपास बहात्तर नेमका बसतो, शिवाय दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा, सगळ्यांनी सुटतो. लुका पाचोली या इटालियन पंडितानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात हा नियम दिलाय. का चालतो ते काही सांगितलेलं नाही. काकांनीही कधी सांगितलं नाही.

एक पथ्य मात्र ते पाळत. व्याज मुद्दलात मिळत असेल तरच बहात्तर. दर तिमाहीला व्याज काढून दूधवाल्याला दिलं, तर बहात्तर विसरा, शंभराला भागा. नऊ टक्क्यांनी आठ वर्षं नव्हे, अकरा लागतात.

रांग एका माणसानं सरकली आणि मला नको ते सुचलं. या व्याजावर प्राप्तिकर आहे. तीस टक्के करवाल्याच्या हाती साडेसातातले सव्वापाच उरतात, सेस वेगळा. बहात्तर भागिले सव्वापाच, १३.७ वर्षं. महागाई पाच टक्के धरली तर भाव दुप्पट व्हायला १४.४. म्हणजे पैसे दुप्पट होणार, आणि त्यांच्या मागोमाग आठेक महिन्यांत तूरडाळही.

तरी फॉर्म भरला. पॅनची झेरॉक्स लागते म्हणे.