“याचा सारांश करून दे”

२०२२ च्या सप्टेंबरात, सोयाबीन सोंगणीला आलं असताना, सरपंच काकाजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली. पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना, शंभरावर पानं. सोबत एवढंच, “याचा सारांश करून दे.” मी वर्ध्याकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे अशी कामं येतातच. “किती मोठा पाहिजे, कोणासाठी?” विचारलं तर उत्तर आलं, “थोडक्यात कर न बापू.”

पहिल्या खेपेला मी प्रत्येक प्रकरणाच्या तीन-चार ओळी केल्या. वाचून पाहिलं तर कंपनीची निवड आणि सरकारांचा हप्त्यातला वाटा यांनीच पान भरलं होतं. गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचलं तर ७२ तासांत कळवायचं, ही ओळ मात्र गळाली होती. मूळ कागदात तिला जागाच थोडी आहे. पानांच्या प्रमाणात कापत गेलं की असंच होतं.

मग पाठवणाऱ्याकडे पाहिलं. सोंगणीच्या दिवसांत सरपंचाला निविदेचे नियम कशाला लागतील? म्हणून नुकसानभरपाईचा भाग धरला. पण “७२ तासांत कळवा” एवढंच लिहिणंही चूक ठरलं असतं. त्या वर्षीच्या नियमांत ती अट एकट्या-दुकट्या शेतावरच्या आपत्तीला होती, आणि कापून शेतात पसरलेल्या पिकाला अवकाळीचा फटका बसला तर, तेही कापणीपासून १४ दिवसांपर्यंतच. पूर्ण महसूल मंडळाचं उत्पन्न घटलं तर ते पीक कापणी प्रयोगातून ठरतं, तिथे शेतकऱ्याला कळवावं लागत नाही. ‘कधी’ आणि ‘कोणाला’ हे शब्द काढले की वाक्य लहान होतं, पण खोटं होतं.

एक पान झालं. प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ पान क्रमांक टाकला, आणि सगळ्यात वर लिहिलं: “हे शेतकऱ्यांना वाचायला दिलं जाईल असं धरून केलं आहे. हप्ता व कंपनी निवड वगळली आहे. वेगळं पाहिजे असल्यास सांगा.”

पाच मिनिटांत फोन. “अरे, वाचाले नाही, ग्रामसभेत मले बोलून सांगाचं हाये!” आधी विचारलं तेव्हा हे त्यांना सुचलं नव्हतं. चुकीचा अंदाज समोर दिसला तसं लगेच आठवलं.

ऐकणाऱ्याला पान क्रमांकाचा उपयोग नाही. ते काढले, दोन्ही प्रकार वेगळे ठेवून सहा वाक्यं केली. ग्रामसभेत मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाहत्तर तास कवापासून मोजाचे? मी वावरात गेलो तवापासून का?”

आपत्ती झाली तेव्हापासून. माझ्या सहा वाक्यांत ते कुठेच नव्हतं.