हातावर चौदा मिलिमीटर, आणि आईचा रडवेला आवाज

अमेरिकेत येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, जेटलॅगही नीट उतरला नव्हता आणि युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमधून मेल आला की भारतातून आलेल्या सगळ्यांनी टीबीची टेस्ट करून घ्यायची. गेले. नर्सने हाताच्या आतल्या बाजूला कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीक सुईने ट्युबरक्युलिन सोडलं, ०.१ मिली म्हणजे थेंबभरच, आणि डास चावल्यासारखा पांढरट फुगा आला. खाजवू नकोस, ४८ ते ७२ तासांत परत ये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हात लालबुंद. मी घाबरून मोबाईलवर फोटो काढला आणि इथेच चूक केली, तो आईला पाठवला.

परत गेल्यावर नर्सने लाली बघितलीच नाही. डोळे मिटून दाबल्यासारखं बोट फिरवत कडक भाग कुठे संपतो ते चाचपलं, दोन्ही कडांना पेनाने खूण केली आणि हाताच्या आडव्या दिशेने पट्टी लावली, १४ मिलिमीटर. मोजतात ते हे कडक झालेलं, लालसर वर्तुळ नाही, आणि घरच्या घरी मोजणारे सगळे इथेच फसतात. किती मिलिमीटरला पॉझिटिव्ह म्हणायचं तेही माणसागणिक बदलतं. टीबीच्या पेशंटच्या संपर्कात नुकताच आलेला किंवा एचआयव्ही असलेला माणूस असेल तर ५, माझ्यासारख्या टीबी जास्त असलेल्या देशातून नुकत्याच आलेल्यांना १०, आणि कसलाच धोका नसलेल्याला १५.

मी पॉझिटिव्ह. आईने फोनवर पहिलं वाक्य काय म्हणावं? "कुणाला सांगू नकोस गं." रूममेटने चहाचा कप बाजूला ठेवला (ठेवला, मी बघितलं, ती अजून नाही म्हणते).

डॉक्टरीण मात्र निवांत होती. ती म्हणाली, या टेस्टला एवढंच कळतं की तुझ्या शरीराला टीबीच्या जंतूसारखं काहीतरी ओळखीचं वाटतंय. ते कधी भेटलं, जिवंत आहे का, तू आजारी आहेस का, यातलं काहीच तिला कळत नाही. शिवाय जन्मल्यावर आपल्याला दंडावर बीसीजी टोचतात ना, तेही टीबीच्या जवळच्याच जंतूपासून बनवलेलं, त्यामुळे त्याचीही प्रतिक्रिया उमटू शकते, जरी बाळपणी टोचलेल्याचा परिणाम वर्षांनुवर्षांत बराच ओसरतो. आणि उलटंही होतं, म्हणजे खरा टीबी असलेल्या, खंगलेल्या माणसाची टेस्ट कधीकधी निगेटिव्ह येते.

म्हणून तिने रक्ताची टेस्ट सांगितली, तिच्यात जे प्रोटीन वापरतात ते बीसीजीत नसतंच, त्यामुळे लसीमुळे गफलत होत नाही. माझ्या वर्गातल्या नागपूरच्या मुलाचे १२ मिलिमीटर आले होते, त्याचं रक्त निगेटिव्ह आलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. माझं पॉझिटिव्ह आलं. मग छातीचा एक्स-रे, आणि प्रश्नांची सरबत्ती: दोन-तीन आठवडे खोकला? संध्याकाळी ताप? रात्री घामाने अंथरूण ओलं? वजन उतरलंय? काहीच नव्हतं, एक्स-रे स्वच्छ. तसं काही सापडलं असतं तर थुंकी तपासली असती, कारण सक्रिय टीबी आहे की नाही ते तिथे ठरतं.

माझा सुप्त टीबी. जंतू आहेत पण शरीराने त्यांना कोंडून ठेवलंय, मला काही होत नाही आणि माझ्याकडून कुणाला लागतही नाही, खोकला काय, एकाच ताटात जेवले तरी नाही. (रूममेट, वाच.) हे सांगितल्यावर आईला आठवलं की मी चौथीत असताना आजोबांना टीबी झाला होता आणि मी त्यांच्याच कुशीत झोपायचे. कधी लागला ते कळायचा मार्ग नाही, पण मला तरी तेच वाटतं.

मग गोळ्या कशाला, बरी आहे ना मी? डॉक्टरीण म्हणाली, औषध न घेतल्यास अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो, त्यातल्या साधारण निम्म्यांना लागण झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांतच. माझी दोन वर्षं बहुधा कधीच उलटली होती, तरी मी घ्यायचं ठरवलं, कारण पुढे कधी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं लागली तर कोंडलेले जंतू बाहेर पडू शकतात. चार महिने रोज रिफॅम्पिन, उपाशीपोटी. सक्रिय टीबीला एकटं औषध चालत नाही, सुरुवातीला साधारण चार औषधं एकत्र देतात, म्हणून आधी एक्स-रे बघणं गरजेचं, नाहीतर अर्धवट उपचारात जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली! हे आधी सांगितलं होतं म्हणून किंचाळले नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र सांभाळा, त्या कायमच्या पिवळ्या पडू शकतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांचा परिणाम कमी होतो.

कोर्स संपला तरी हातावरची टेस्ट आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार, त्यामुळे ती परत करून उपयोग नाही. दुसऱ्या नोकरीत मागितली तेव्हा मी औषध संपल्याचं पत्र आणि एक्स-रेचा रिपोर्ट पुढे केला. त्या दोन कागदांची झेरॉक्स आईनेही सांगलीच्या कपाटात, माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या फाईलमध्ये लावून ठेवलीये.