तुम्ही विचारलंत म्हणून: टिक-टिक येते कुठून?

"इंटरफेसला आठ चॅनेलचा प्रीअँप ऑप्टिकल केबलने जोडलाय. आवाज येतो, पण मधूनमधून टिक ऐकू येते. केबल बदलू का?"

थांबा. आधी दोन्ही यंत्रांवर क्लॉक, म्हणजे प्रत्येक सँपलची वेळ ठरवणारा ठोका, कुठे लावलंय ते बघा. दोन्हीकडे Internal असेल तर टिक तिथूनच येते आहे.

दोन्हीकडे 48 kHz लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक यंत्र आपल्याच क्रिस्टलवर चालतं आणि दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. समजा, त्यांच्यात दहा लाखांमागे 20 इतकाच फरक आहे. सेकंदाला 48,000 सँपल म्हटल्यावर हा फरक जवळजवळ एका सँपलचा होतो. म्हणजे साधारण दर सेकंदाला इंटरफेसकडे एक सँपल जास्त होतं किंवा कमी पडतं, आणि ते गाळावं किंवा पुन्हा वाजवावं लागतं. लहर त्या जागी तुटते, ती तुम्हाला टिक म्हणून ऐकू येते.

त्यामुळे शांत ट्रॅकवर काहीच कळत नाही. शून्यातून शून्य गाळलं तर फरक पडणार कसला? तपासायचं असेल तर प्रीअँपमधून 1 kHz चा स्थिर सूर मिनिटभर रेकॉर्ड करा. टिका बऱ्यापैकी समान अंतराने येत असतील आणि बफर वाढवूनही तशाच राहत असतील, तर दोष क्लॉकचा. बफरमुळे येणारी खरखर कॉम्प्युटरवरचा भार वाढला की वाढते, आणि ती सहसा अशी तालात येत नाही.

आता क्लॉकचा मालक एकच ठरवायचा: एका यंत्राने क्लॉक द्यायचं, दुसऱ्याने ते घ्यायचं. तुमच्याकडे प्रीअँपकडून इंटरफेसकडे जाणारी एकच ऑप्टिकल केबल आहे आणि तिच्यातून क्लॉकही त्याच दिशेने जातं. म्हणून प्रीअँप Internal वर ठेवा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ADAT, म्हणजे त्या ऑप्टिकल केबलमधून येणारं क्लॉक, निवडा. यात एक अडचण आहे: प्रोजेक्ट 44.1 चा उघडलात तर प्रीअँपवरही हाताने 44.1 करावं लागतं, आणि ते विसरायला होतं. म्हणून मला इंटरफेसच मालक असलेला आवडतो. त्यासाठी क्लॉक उलट दिशेने पोचवायला हवं: इंटरफेसच्या वर्ड क्लॉक आउटमधून प्रीअँपच्या वर्ड क्लॉक इनमध्ये 75 ओहमची बीएनसी केबल लावा आणि प्रीअँपवर Word Clock निवडा. प्रीअँपला ऑप्टिकल इन असेल तर दुसरी ऑप्टिकल केबलही चालते. त्याच जातीची दिसणारी 50 ओहमची बीएनसी केबल मात्र नको. वर्ड क्लॉकच्या ओळीत शेवटी असलेल्या यंत्रावर 75 ओहमचं टर्मिनेशन चालू हवं, मधल्यांवर बंद.

दोन्ही यंत्रं एकमेकांकडून क्लॉक घेतील असं मात्र लावू नका. मग मालक कुणीच उरत नाही आणि वेग भरकटतो.

हिरव्या Lock दिव्यावरही भिस्त ठेवू नका. समोरून सिग्नल नीट वाचता येतोय, एवढंच तो सांगतो. दोन्ही क्लॉक एका चालीने चालतात का, हे काही इंटरफेस Sync म्हणून वेगळं दाखवतात. ते नसेल तर स्थिर सूर पुन्हा रेकॉर्ड करून ऐका.