एक फिटर, दोन साहेब आणि अर्धवट राहिलेली प्रेस

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी मेंटेनन्स प्लॅनिंग बघत होतो. तिथल्या एका दुसऱ्या शिफ्टची चौकशी माझ्याकडे आली. तक्रार अशी होती की १६० टनी प्रेसचा रॅम, म्हणजे वर-खाली होऊन पत्रा दाबणारा भाग, वर ठरलेल्या जागी न थांबता थोडा पुढे जाऊन थांबतोय. ऑपरेटर जुना आणि सावध, त्याने पहिल्याच काही स्ट्रोकनंतर मशीन बंद केली, म्हणून कुणाला इजा झाली नाही.

अशा प्रेसमध्ये हवेच्या दाबाने क्लच लागतो आणि हवा सोडली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो. रॅम पुढे सरकतोय म्हणजे ब्रेक उशिरा धरतोय. लायनिंग झिजलेलं असेल, त्यावर तेल गेलं असेल किंवा सेटिंग हललं असेल. इथे कव्हर उघडल्यावर सेटिंगच्या नटवरचा चेक नट नुसता हाताने फिरत होता. आणि त्याच दुपारी या प्रेसचं पीएम, म्हणजे बिघाड होऊ नये म्हणून करायची देखभाल, झाल्याची नोंद होती!

रजिस्टर आणि गेटपासून ओव्हरटाइमपर्यंतचे कागद समोर ठेवले, तेव्हा क्रम लागला. साडेतीनला मेंटेनन्स इंजिनिअरने फिटरला ब्रेकचं काम दिलं: लायनिंगची जाडी मोजायची, सेटिंग करायचं, चेक नट आवळायचा आणि डाय न लावता रिकामे स्ट्रोक मारून रॅम कुठे थांबतो ते बघायचं. अडीच तासांचं काम. पाचच्या सुमाराला प्रॉडक्शनच्या शिफ्ट इनचार्जने त्याला शेजारच्या प्रेसवर बोलावलं, तिथे कुशनची हवा गळत होती. फिटर गेला. परत यायच्या आत इनचार्जचा दुसरा निरोप आला, "त्या १६० टनीचं झालं ना? लॉक काढ, लॉट काढायचाय." काम चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून लावलेलं स्वतःचं लॉक त्याने काढलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: "पीएम केले. सेटिंग झाले. इनचार्ज साहेबांच्या सांगण्यावरून चालू."

बाकी सगळं सोडा, पण ही शेवटची ओळ नीट वाचा. तांत्रिक नोंदीत कोणाच्या सांगण्यावरून हे लिहायची गरज माणसाला वाटते, तेव्हा तो मशीनपेक्षा स्वतःला सांभाळत असतो. जुनी रजिस्टरं चाळली तर हे शब्द ठिकठिकाणी सापडले, आणि बहुतेक ठिकाणी काम अर्धवटच होतं.

दोन्ही साहेबांचे खुलासे आले. इंजिनिअर म्हणाला, मी पूर्ण काम सांगितलं होतं. इनचार्ज म्हणाला, मी विचारूनच मशीन घेतली. दोघंही खरं बोलत होते. फिटर असा का वागला, याचं उत्तर दुसऱ्याच फाइलमध्ये होतं. त्याची रजा आणि वार्षिक शेरा मेंटेनन्सकडे, तर ओव्हरटाइमवर सही प्रॉडक्शनची. त्यामुळे ज्याची सही आधी लागणार, त्याचं काम आधी. त्यात गैर काय?

फ्रेंच खाण अभियंता आंरी फेयोल याने १९१६ मध्ये मांडलेल्या चौदा तत्त्वांत आदेशातील एकवाक्यता आहे: एका कामासाठी आदेश एकाच वरिष्ठाचा. त्याच सुमाराच्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याची योजना नेमकी उलट होती, एका कामगारावर आठ फोरमन, प्रत्येक जण आपापल्या विषयापुरता. कागदावर ती छान दिसते. पण दोन विषय एकाच तासावर हक्क सांगतात तेव्हा निवाडा कोण करणार? आमच्याकडे तो निवाडा फिटरवर, म्हणजे सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसावर पडला होता.

"समन्वय वाढवा" असा शेरा मारून उपयोग नव्हता. आधी ओव्हरटाइमची सही मेंटेनन्सकडे आणली. मग प्रॉडक्शनने फिटरला थेट बोलवायचं बंद केलं. इनचार्ज ब्रेकडाउन स्लिप इंजिनिअरला देतो, आणि चालू काम सोडायचं की नाही हे इंजिनिअरच ठरवतो. दोघं एकाच पातळीवरचे असल्याने थेट बोलतात, मॅनेजरपर्यंत जायला लागत नाही. काम अर्धवट सोडलं तर लॉक तसंच राहतं आणि टॅगवर काय उरलंय ते लिहायचं. आमच्या टॅगवर आता "रिकामे स्ट्रोक बाकी" असा छापील रकाना आहे.

अडचण तिसऱ्या शिफ्टची. रात्री मेंटेनन्सचा इंजिनिअर नसतो, आणि गळक्या कुशनसाठी त्याला झोपेतून उठवणं कोणालाच पटलं नाही. म्हणून रात्री फिटर पूर्णपणे शिफ्ट इनचार्जच्या हाताखाली. फक्त ज्या मशीनवर संध्याकाळचं लॉक आहे ती मशीन इनचार्जच्या हद्दीबाहेर, सकाळी इंजिनिअर येईपर्यंत. प्रॉडक्शनवाले यावर अजून कुरकुरतात, विशेषतः महिनाअखेरीला.