‘बघू’ची नोंद कशी करायची?

पुण्यात एका इमारतीच्या साइटवर मी प्लॅनिंग बघतो. 25 मेला सकाळी ग्रुपवरचे मेसेज समोर ठेवून रिस्क रजिस्टर, म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या अडचणींची नोंदवही, भरायला बसलो. तळघराची खोदाई झाली होती, 8 जूनला राफ्ट, म्हणजे पायाचा काँक्रीटचा सलग थर, भरायचा होता.

सुपरवायझरचा मेसेज होता: ‘मागच्या बाजूची माती सुटतेय. पाऊस आला तर अवघड आहे.’

यातलं पहिलं वाक्य जोखीम नाहीच. माती सुटायला लागली आहे, म्हणजे तो चालू प्रश्न. तो इश्यू लॉगमध्ये घातला आणि त्या कडेखालचं काम लगेच थांबवायला सांगितलं. रजिस्टरमध्ये तो ‘शक्यता: मध्यम’ म्हणून गेला असता, तर पुढच्या आढावा बैठकीपर्यंत तसाच पडून राहिला असता.

दुसऱ्या वाक्यातल्या ‘अवघड’वरून काहीच ठरवता येत नाही, म्हणून फोन केला. खोदाई साडेचार मीटर, उभी कापलेली, आधार नाही. खोदलेली माती कडेलाच टाकलेली. शेजारच्या सोसायटीची भिंत दीड मीटरवर. आणि तो बोलत होता वळवाच्या पावसाबद्दल! ऑफिसात ‘पाऊस’ म्हटलं की आम्ही जून धरतो; वळीव तर त्याच दुपारी येऊ शकला असता. नोंद अशी झाली:

कारण: उभ्या खोदाईला आधार नाही, कडेवर मातीचा भार, वरचं पाणी खड्ड्यात उतरतं.
घटना: वळवाच्या सरीत मागची कड ढासळू शकते.
परिणाम: खाली कोणी असल्यास जिवाला धोका, शेजारची भिंत पडण्याची शक्यता, राफ्ट लांबणीवर.
उपाय: आज माती हलवून कडेमागे पाणी वळवणारा चर काढणे (साइट इंजिनिअर). शोअरिंगचा, म्हणजे कडेला आधार देण्याचा, निर्णय उद्यापर्यंत (स्ट्रक्चरल कन्सल्टंट).

‘लक्ष ठेवणे’ असा उपाय मी लिहीत नाही. त्याला ना माणूस असतो, ना तारीख.

दुसरा मेसेज स्टोअरचा: ‘स्टीलवाला परवा देतो म्हणतोय, बघू.’ खरा इशारा त्या ‘बघू’त होता. वाचताक्षणी ‘पुरवठादाराची दिरंगाई’ असं कारण लिहावंसं वाटतं, आणि मग उपाय निघतो ‘पाठपुरावा’. विचारल्यावर कळलं, मागचं बिल आमच्याच अकाउंट्समध्ये मंजुरीविना अडकलं होतं आणि ते मिळेपर्यंत तो गाडी भरणार नव्हता. कारण बदललं तसा उपायही बदलला.

कारण: मागचं बिल मंजुरीसाठी थांबलेलं.
घटना: 16 मिलिमीटरचं स्टील 27 तारखेला न येण्याची शक्यता.
परिणाम: बांधणीला नऊ दिवस लागतात, हाताशी जास्तीचे दोनच. पाच दिवस उशीर झाला तर राफ्ट 11 जूनवर, म्हणजे ऐन मोसमी पावसाच्या तोंडावर. कडही तेवढे दिवस उघडी.
उपाय: आज चारपर्यंत बिल मंजूर करणे (प्रोजेक्ट मॅनेजर). उद्या दुपारपर्यंत गाडी निघाली नाही, तर दुसऱ्या पुरवठादाराला ऑर्डर.

शेवटी दोन्ही नोंदी सुपरवायझर आणि स्टोअरवाल्याला वाचून दाखवल्या. सुपरवायझरने एक दुरुस्ती सुचवली: चर कडेपासून निदान दोन मीटर मागे हवा, नाहीतर त्यातलंच पाणी मुरून कड सुटेल. पण दोन मीटर म्हणजे सोसायटीच्या भिंतीपलीकडे, त्यांच्या आवारात. मग चर खोडून ‘कडेवर ताडपत्री आणि सिमेंटचा बुटका बांध’ असं लिहिलं.