बेस्ट-फिटच सगळ्यात वाईट कसा काय दिसला?

विटीयूच्या ओएस लॅबमध्ये फर्स्ट-फिट, बेस्ट-फिट, वर्स्ट-फिटचा सी प्रोग्राम असतोच, आणि इकडं बेळगावात बरीच पोरं कुठली प्रोसेस कुठल्या ब्लॉकात बसली एवढं प्रिंट करून मोकळी होतात. प्रोसेसला जागा देताना फर्स्ट-फिट पुरेल असा पहिला होल, म्हणजे मेमरीतला सलग रिकामा तुकडा, घेतो, बेस्ट-फिट पुरेल असा सगळ्यात लहान, आणि वर्स्ट-फिट सगळ्यात मोठा. मला एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन मोजून बघायचं होतं, म्हणजे रिकामी मेमरी एकूण भरपूर आहे पण तुकड्यातुकड्यात, म्हणून रिक्वेस्ट बसत नाही, ती भानगड.

फॉर्म्युला हा घेतला:

```c
ef = total ? 1.0 - (double)largest / total : 0.0;
```

`total` म्हणजे सगळी रिकामी जागा, `largest` म्हणजे सगळ्यात मोठा होल, आणि `ef` जितका जास्त तितकी रिकामी जागा जास्त विखुरलेली. तो `(double)` काढला तर इंटिजर भागाकार होतो आणि उत्तर कायम 0 नाहीतर 1 येतं.

आधी छोटी केस घेतली. होल ओळीनं 120, 60, 200 केबी, रिक्वेस्ट 50, 110, 190. फर्स्ट-फिटनं 50 ला 120 मध्ये टाकलं, 110 ला 200 मध्ये, मग उरलं 70, 60, 90 आणि 190 ला जागाच नाही, एकूण 220 रिकामी असून. वर्स्ट-फिटनं दोन्ही 200 मधूनच कापले, उरलं 120, 60, 40, परत 190 बाहेर. बेस्ट-फिटनं मात्र तिन्ही बसवल्या, उरले 10-10-10.

आता आकडे बघा: वर्स्ट 0.45, फर्स्ट 0.59, बेस्ट 0.67! चिकोडीचा रूममेट बघून म्हणाला, "मग बेस्ट-फिट नापास की रे!" पण तसं नाही ना, त्याच्याकडं उरलेच 30 केबी, तेही तुकड्यात, म्हणून रेशो चढला. नुसता रेशो बघितला तर ज्यानं सगळं काम केलं तोच आळशी ठरतो. म्हणून मी शेजारी अजून दोन कॉलम ठेवले, एकूण रिकामी जागा आणि जागा पुरेशी असूनही नाकारलेल्या रिक्वेस्ट. खरं फ्रॅगमेंटेशन त्या शेवटच्या कॉलमात दिसतं.

मोठ्या रनला साइज आणि सोडायची वेळ आधीच एका अ‍ॅरेत भरली आणि तोच अ‍ॅरे तिघांना दिला, कारण लूपमध्येच `rand()` मारला तर एकाची रिक्वेस्ट फेल झाली की तिथून पुढं प्रत्येकाला वेगळ्याच रिक्वेस्ट मिळू शकतात, मग तुलना कसली. आणि ब्लॉक सोडला की शेजारचे रिकामे होल जोडायचेच, नाहीतर तिघंही उगीच वाईट दिसतात.

आणि बेस्ट-फिट कायम जिंकतो असंही नाही हां. होल 200, 150 घ्या, रिक्वेस्ट 100, 100, 150. बेस्ट-फिट पहिल्यालाच 150 चा होल फोडतो आणि शेवटची अडकते, फर्स्ट-फिट 200 मध्ये दोन्ही बसवून 150 अख्खा राखतो.