बसल्यावरची नाडी : बेळगावहून मिरजेपर्यंत पायी

दोन वर्षांपूर्वी चैत्री वारीला निघालो आणि संकेश्वरच्या पुढे मला सामानाच्या टेम्पोत घालून न्यावं लागलं. वय तेव्हा पासष्ट. गुडघे ठणठणीत, शुगर नाही, रोज पहाटे टिळकवाडीत पाच किलोमीटर चालायची सवय. तरीही तिसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली. चूक साधी होती. मी माझ्या दमानं न चालता दिंडीतल्या तरण्या पोरांच्या मागे चालत होतो.

यंदा जायच्या आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली आणि कारखान्यात भट्टीसमोर काम करणाऱ्यांसाठी वापरतात ती एक पद्धत सांगितली. चालताना नाडी बघायची नाही, बसल्यावर बघायची. टप्पा संपला की सावलीत बसायचं, अर्धा मिनिट जाऊ द्यायचा आणि पुढचा अर्धा मिनिट मनगटावर ठोके मोजून दुप्पट करायचे. हा पहिला आकडा. मग तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्यात पुन्हा तसंच मोजायचं, तो दुसरा. पहिला ११० च्या वर गेला तर पुढचा टप्पा एक तृतीयांशानं कमी करायचा, विसावा मात्र तेवढाच ठेवायचा. दुसरा आकडा ९० च्या आत यायला हवा. तो आला नाही आणि दोन आकड्यांत दहाचाही फरक पडला नाही, तर त्या दिवसाचं चालणं तिथंच संपलं.

घरी आठवडाभर अंथरुणातून उठायच्या आधीची नाडीही वहीत लिहिली. ती ६८ च्या आसपास असायची. वारीत एखाद्या सकाळी ती दहानं वाढलेली दिसली, तर कालचा शीण उतरलेला नाही असं धरून त्या दिवशी निम्मंच चालायचं, असं ठरवलं.

पहाटे चारला निघायचं, पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं आणि साडेदहाच्या आत मुक्काम किंवा झाड गाठायचं, असा बेत होता. काकतीपर्यंत सगळं सुरळीत गेलं. पहिला आकडा ९८, दुसरा ८०. वहिनी हसून म्हणाल्या, "भावजी, विठ्ठलाचं नाव घ्यायचं सोडून ठोके काय मोजत बसलाय वो?" वंटमुरी घाटातही काही वाटलं नाही, कारण पहाटेचा गारवा होता.

गंमत तिसऱ्या दिवशी कळली. हत्तरगी मागे पडल्यावर रस्ता सपाट, चाल तीच, पाठीवर काही नाही. तरी साडेनऊला बसलो तर पहिला आकडा ११८. पाय दुखत नव्हते की दम लागत नव्हता, म्हणून आधी वाटलं मोजायला चुकलो. चुकलो नव्हतो. उन्हात रक्ताला दोन कामं असतात, पायांना पुरायचं आणि कातडीकडे जाऊन अंगातली उष्णता बाहेर टाकायची. त्यात घामानं अंगातलं पाणी कमी होतं, मग तेवढ्याच चालीला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. दोन वर्षांपूर्वी हे मला अंधारी आल्यावर कळलं होतं, यंदा दीड तास आधी कळलं. दुसरा आकडा ९६ आला. ९० च्या वर होता, पण बावीसनं उतरला होता, म्हणून थांबलो नाही. पुढचा टप्पा पन्नासाऐवजी तेहतीस मिनिटांचा केला. त्यानंतर पहिला आकडा १०६ आला.

पाण्याचंही तहानेवर सोडलं नाही, कारण आमच्या वयात तहान उशिरा लागते. दर विसाव्याला पेलाभर पाणी ठरलेलं होतं आणि दिवसातून दोनदा मीठ घातलेली नाचण्याची आंबील. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय हे ओळखायचं.

आता तात्यांची गोष्ट. माझे चुलत भाऊ, वय त्र्याहत्तर, दिंडीत टाळ त्यांच्याकडे. माझी वही बघून तेही मोजायला लागले आणि त्यांचे आकडे माझ्याहून चांगले यायचे. मी ११० च्या घरात असताना ते ८२ नाहीतर ८४. "बघ, तुझ्यापेक्षा मीच तरणा," असं दोन दिवस ऐकून घेतलं.

चिकोडी सोडून कृष्णेकडे उतरायला लागलो तो आमचा सहावा दिवस. दोन्हीकडे ऊस, त्याला पाणी सोडलेलं, वारा अजिबात नाही. अशा दमट जागी घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. दहाच्या सुमाराला तात्यांचा टाळ मागे पडायला लागला. भजनाची ओळ ते अर्धीच म्हणत होते. विचारलं, "तात्या, पुढचं गाव कुठलं?" म्हणाले, "संकेश्वर." संकेश्वर सोडून दोन दिवस झाले होते. मनगट धरलं, तर नाडी ८४.

त्या आकड्यावर विसंबलो असतो तर पुढं चाललो असतो. पण उन्हात माणूस बरळायला लागला की आकडा बघत बसायचं नाही, उष्माघात धरूनच चालायचं. त्यांना लिंबाच्या सावलीत आडवं केलं, फेटा आणि सदरा काढला, टेम्पोतली पाण्याची घागर अंगावर ओतली आणि दोघं पंचानं वारा घालत बसले. पूर्ण भानावर येईपर्यंत तोंडात पाणी घातलं नाही, ठसका लागून ते श्वासनळीत जाऊ शकतं. तिसऱ्यानं १०८ ला फोन लावला. पाऊण घागर संपेपर्यंत ते "पुरे रे, भिजवलास की सगळं" म्हणाले. तरी दवाखान्यात नेलंच.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि कोडं सुटलं. ब्लडप्रेशरसाठी ते मेटोप्रोलॉल घेत होते. ही गोळी नाडीला लगाम घालते, ती फारशी वाढू देत नाही. म्हणून ८४ हा ताण कमी असल्याचा आकडा नव्हता, गोळीचा होता. दुसऱ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानं पाणी आणखी कमी झालं. मला मात्र निघताना त्यांच्या गोळ्या विचारायचं सुचलंही नव्हतं. ज्यांची नाडी मुळातच अनियमित असते, त्यांनाही हे अर्ध्या मिनिटाचं मोजणं फसवतं, असं ते डॉक्टर म्हणाले. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत हे त्यांनी दोनदा बजावलं. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे निघायच्या पंधरा दिवस आधी विचारायला हवं होतं.

त्या संध्याकाळपासून वहीत तात्यांच्या नावापुढे आकडा लिहिणं बंद केलं. त्यांच्यासाठी वेगळी खूण ठरली. चालता चालता अख्खी ओळ बोलता आली पाहिजे. ओळ मध्येच तुटली की बसायचं. दर विसाव्याला वहिनी त्यांना गावाचं नाव आणि वार विचारणार. ऊन चढल्यावर ते चालणारच नाहीत, टेम्पोनं पुढं जाऊन मुक्कामाला बसणार.

अंकलीचा पूल आम्ही पहाटे सहाला ओलांडला. खाली कृष्णेवर धुकं होतं, माझा पहिला आकडा ९४. मांजरीत चहाला थांबलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "आज वार कुठला वो?"

"गुरुवार," तात्या म्हणाले, "आणि उद्यापासून निदान प्रश्न तरी बदल की."